साप्ताहिक मुलाखतींसाठी रिझॉल्व्हमध्ये कोरा साचा: इंट्रो, नावपट्टी आणि आउट्रो

प्रश्न: मी दर शुक्रवारी एका शेतकऱ्याची किंवा शेतीपूरक उद्योग करणाऱ्याची मुलाखत यूट्यूबवर टाकतो. एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत, विंडोज लॅपटॉपवर. मागच्या भागाचा प्रोजेक्ट उघडून जुनं काढतो, नवं टाकतो. तरी दर वेळी काहीतरी गडबड होते. एका भागात आधीच्या पाहुण्याचं नाव तसंच गेलं, आणि परवा जुना भाग उघडला तर त्यात नव्याच भागाचं काम दिसलं. इंट्रो, नाव आणि आउट्रो एकदाच बनवून कायम वापरता येईल असं टेम्प्लेट कसं करायचं?

उत्तर:

दोन्ही गडबडींचं मूळ एकच आहे: तुमचा साचा म्हणजे मागच्या आठवड्याचा भरलेला भाग. रिझॉल्व्हमध्ये Live Save आपोआप चालू असतं. तुम्ही क्लिप काढली की तो बदल त्याच क्षणी उघड्या प्रोजेक्टमध्ये साठवला जातो. ‘नंतर वेगळ्या नावाने सेव्ह करू’ म्हणेपर्यंत जुना भाग गेलेला असतो. नावाचंही तसंच. जुन्या पाहुण्याचं नाव नीट अक्षरात, नीट जागी दिसतं, त्यामुळे घाईत पाहताना डोळ्याला काही खटकत नाही. म्हणून साचा कोरा हवा, आणि तो अशा जागी हवा की रोजच्या कामात त्याला आपला हात लागणारच नाही.

मी स्वतः अशा साप्ताहिक मालिका एडिट करतो. साचा करायला बसलो की आधी एक वाटणी करतो: काय कधीच बदलत नाही, काय दर आठवड्याला बदलतं आणि काय अर्धं बदलतं. तुमच्या मालिकेत इंट्रो कधीच बदलत नाही, नावपट्टी दर वेळी बदलते आणि आउट्रो अर्धा बदलतो. या तिघांना एकाच पद्धतीने बांधायला गेलं की साचा बिघडतो. न बदलणारी गोष्ट पक्की रेंडर केलेली फाइल असावी. बदलणारी गोष्ट जिवंत मजकूर असावी, आणि तो बदलण्याची जागा एकच असावी.

आधी फ्रेम रेट ठरवा

हे सगळ्यात आधी, कारण हा निर्णय नंतर फिरवता येत नाही. Project Settings मधल्या Master Settings मध्ये Timeline frame rate असतो. प्रोजेक्टमध्ये मीडिया आला की तो आकडा कुलूपबंद होतो. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये पहिली क्लिप टाकताना तिचा फ्रेम रेट वेगळा असेल तर रिझॉल्व्ह विचारतं, प्रोजेक्ट क्लिपप्रमाणे बदलू का म्हणून. साच्यात मात्र इंट्रो आधीच बसलेला असतो. त्यामुळे तुम्ही शूटिंग टाकाल तेव्हा हा प्रश्न येणार नाही, आणि चुकीचा फ्रेम रेट गुपचूप चालू राहील.

कोणता ठेवायचा हे तुमच्या कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. मोबाइलवर २५चा पर्याय असेल आणि तुमची मुलाखत घरात, दिव्यांच्या उजेडात होत असेल तर २५ घ्या आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या जोडीला ट्यूबलाइटचे पट्टे दिसत नाहीत. मोबाइल फक्त ३० देत असेल तर प्रोजेक्टही ३०चा करा आणि शक्य असेल तर शटर हाताने १/५० किंवा १/१०० वर बांधा. ३०चं शूटिंग २५च्या साच्यात कोंबू नका. माणूस शांत बसून बोलत असताना फरक कळणार नाही, पण कॅमेरा गोठ्यातून फिरत असेल तर चित्र ठरावीक अंतराने अडखळताना दिसेल. ती अडखळ दिसली की आधी Media Pool मधल्या यादीत क्लिपचा फ्रेम रेट पाहा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

रिझोल्यूशन १९२० × १०८० पुरेसं आहे. मोफत आवृत्ती ३८४० × २१६० पर्यंत जाते, पण मुलाखतींसाठी लॅपटॉपला तो भार देण्यात मला अर्थ वाटत नाही. शूटिंग ४के असलं तरी टाइमलाइन १०८० ठेवावी. मग एका शॉटमधून जवळचा दुसरा शॉट काढायची सोयही राहते.

फोल्डर

रिझॉल्व्ह प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ साठवत नाही, फाइलचा पत्ता साठवतं. पत्ता बदलला की क्लिपच्या जागी लाल रंगात Media Offline येतं. म्हणून एक कायमचं फोल्डर आणि त्याच्या शेजारी भागांची फोल्डरं अशी मांडणी करा:

```
D:\Malika\00_Kayam\   (intro, outro, sangeet, logo, font)
D:\Malika\Bhag_031\   (video, audio, photo)
D:\Malika\Bhag_032\
```

`00_Kayam` मधली फाइल कधी हलवायची नाही, तिचं नावही बदलायचं नाही. बाहेरच्या हार्डडिस्कवर काम करत असाल तर विंडोजच्या Disk Management मध्ये जाऊन त्या डिस्कला एक अक्षर कायमचं देऊन टाका. नाहीतर आज E असलेली डिस्क उद्या F होते आणि सगळा साचा लाल दिसायला लागतो. तसं झालंच तर क्लिप निवडून Relink करता येतं, काही वाया जात नाही.

इंट्रो: एकदा बनवा, रेंडर करा, विसरा

इंट्रो वेगळ्या प्रोजेक्टमध्ये बनवा. त्यातले अ‍ॅनिमेशन, लोगो, संगीत सगळं तिथेच पक्कं करा आणि एकच फाइल बाहेर काढा. Deliver पानावर Format ला QuickTime, Codec ला DNxHR आणि प्रकार DNxHR HQ घ्या. पाच सेकंदांची फाइल सुमारे शंभर एमबीची होईल, होऊ द्या. एच.२६४ मध्ये काढली तर ती एकदा तिथे दाबली जाते, एकदा तुमच्या अंतिम रेंडरमध्ये आणि एकदा यूट्यूबवर. लोगोमागच्या रंगछटांमध्ये पायऱ्या दिसायला लागतात त्या याच्यामुळे.

इंट्रो जिवंत का ठेवायचा नाही, याची दोन कारणं आहेत. रिझॉल्व्हच्या फ्यूजन या ग्राफिक्सच्या पानावरचे अ‍ॅनिमेशन दर वेळी लॅपटॉपला नव्याने मोजावे लागतात, त्यामुळे टाइमलाइन जड होते. दुसरं, उघडा ठेवलेला लोगो कधी ना कधी चुकून सरकतो. बंद फाइलमध्ये सरकायला काही उरतच नाही.

लांबी चार ते सहा सेकंद ठेवा, आणि इंट्रो अगदी सुरुवातीला आणू नका. आधी पाहुण्याचं एखादं ठसठशीत वाक्य, मग इंट्रो, मग मुलाखत. ‘डाळिंब काढून टाकलं त्या वर्षी घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं’ असं वाक्य पहिल्या पंधरा सेकंदांत ऐकलेला माणूस इंट्रो संपेपर्यंत थांबतो. साच्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की इंट्रो दर आठवड्याला थोडा पुढेमागे सरकणार. चित्र आणि संगीत मिळून एकच क्लिप असेल तर ती एका हाताने सरकवता येते.

नावपट्टी: इथे वेळ द्या

साचा चांगला की वाईट हे नावपट्टीवर कळतं, कारण दर आठवड्याला तुम्ही हात घालणार ती हीच जागा.

साधी नावपट्टी करायची तर Titles मधलं Text+ घ्या आणि दोन ओळी लिहा. पण आपल्याला वर नाव मोठं, खाली परिचय लहान आणि मागे रंगाची पट्टी हवी असते. ते करायला तीन-चार वेगळ्या क्लिप एकमेकींवर रचल्या तर दर वेळी सगळ्या एकत्र सरकवाव्या लागतात आणि एखादी मागे राहते. म्हणून ती एकाच टायटलमध्ये बांधा.

Edit पानावर Effects मधून Fusion Composition टाइमलाइनवर ओढा आणि ती क्लिप निवडून Fusion पानावर जा. तिथे प्रत्येक काम एका छोट्या चौकोनाने होतं, त्याला नोड म्हणतात. एक Background नोड घ्या आणि त्याला Rectangle मास्क लावून पट्टी करा. मग दोन Text+ नोड घ्या, एक नावासाठी, एक परिचयासाठी, आणि Merge नोडनी सगळं एकावर एक जोडून MediaOut1 ला द्या. पट्टीखालचा थर पारदर्शक हवा, म्हणजे मागची मुलाखत दिसेल. त्यासाठी सगळ्यात खाली पूर्ण फ्रेमचा एक Background ठेवून त्याचा अल्फा शून्य करा.

हे पडद्यावर मनासारखं दिसलं की MediaOut1 सोडून बाकी सगळे नोड निवडा, उजवी क्लिक करा आणि Macro मधून Create Macro घ्या. एक खिडकी उघडेल. तिच्यात प्रत्येक नोडचे सगळे पर्याय दिसतात, त्यांतले जे पुढे हाताशी हवेत तेवढ्यांनाच टिक करायचं. मी फक्त दोन्ही Text+ नोडचं Styled Text टिक करतो. फॉन्ट, आकार, रंग, जागा यांतलं काहीही बाहेर ठेवत नाही. जे दिसत नाही ते चुकून बदललंही जात नाही, आणि उद्या तुमच्या मदतीला दुसरं कुणी आलं तरी त्याला फक्त दोन रकाने दिसतील. त्या रकान्यांची नावं तिथेच बदलून ‘नाव’ आणि ‘परिचय’ अशी करा. मग ही फाइल या फोल्डरमध्ये सेव्ह करा, फोल्डर नसेल तर तयार करा:

```
%AppData%\Blackmagic Design\DaVinci Resolve\Support\Fusion\Templates\Edit\Titles
```

रिझॉल्व्ह बंद करून पुन्हा उघडलं की Titles मध्ये बाकीच्या टायटलांबरोबर तुमची नावपट्टी दिसेल. या `.setting` फाइलची एक प्रत `00_Kayam` मध्येही ठेवा. लॅपटॉप बदलला तर तीच लागेल.

आता मराठीमुळे येणाऱ्या अडचणी. इंग्रजी टायटलवरून पट्टी मापली तर देवनागरीला ती कमी पडते. आपल्याकडे अक्षराच्या वर मात्रा, अनुस्वार, रफार असतो आणि खाली उकार, ऋकार. ‘मूर्ती’ शब्दात एकाच वेळी खाली ऊकार आहे आणि वर रफार व वेलांटी. पट्टी तंग असेल तर कधी वरचं कापलं जातं, कधी खालच्या ओळीतल्या परिचयाला उकार टेकतो. म्हणून दोन ओळींत अंतर सढळ ठेवा आणि पट्टी पक्की करण्याआधी ही ओळ लिहून बघा: ‘कऱ्हाड, ज्येष्ठ, श्रीकृष्ण, मूर्ती, विहीर, दुग्धव्यवसाय, ॲग्रो’. तीन गोष्टी तपासा. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र नीट वळलेला दिसतो का, की पाय मोडलेला र आणि वेगळा ह दिसतो? पहिल्या वेलांटीची अक्षरं जागेवर आहेत का, की वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली? ‘ज्येष्ठ’ एकसंध आहे का? यातलं काही बिघडलं तर फॉन्ट बदलून पाहा. तरीही नाही जमलं तर त्या आवृत्तीत Text+ ऐवजी साधं Text टायटल वापरून बघा. तिथेही अक्षर तुटत असेल तर नाव इंकस्केप या मोफत चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी काढणं हा खात्रीचा मार्ग आहे. त्याला दर आठवड्याला दोन मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

फॉन्ट युनिकोडच हवा. छपाईच्या दुकानांतले जुने फॉन्ट इथे घेऊ नका. त्यांत मजकूर कळफलकावरच्या इंग्रजी अक्षरांच्या जागी साठवलेला असतो, त्यामुळे फॉन्ट बदलताच नावाचं कडबोळं होतं. मुक्त आणि बलू २ हे दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात, जाड अक्षरात मोबाइलवर छान वाचता येतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी पाहा. तो मराठीसाठीच वेगळा काढलेला आहे, मात्र त्याची अक्षरं नाजूक आहेत, लहान परिचयाच्या ओळीला तो मी वापरत नाही.

नावाची लांबी हा आणखी एक मुद्दा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं पूर्ण लिहिण्याची पद्धत आहे, आणि पाहुण्याला ते तसंच हवं असतं. मजकूर मध्यावर टेकवला असेल तर लांब नाव दोन्ही बाजूंना पसरून पट्टीबाहेर जातं. म्हणून Text+ मध्ये मजकूर डावीकडे टेकवा, म्हणजे तो फक्त उजवीकडे वाढेल, आणि पट्टी उजवीकडे हळूहळू विरत जाईल अशी करा. मग छोटं नावही पोकळ दिसत नाही आणि मोठंही मावतं. आजवरच्या पाहुण्यांपैकी सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात लांब परिचय घालून पाहा. ते बसलं की बाकी सगळे बसतील.

पट्टी फ्रेमच्या अगदी तळाला नको. मोबाइलवर यूट्यूबची लाल रेघ, बटणं आणि कुणी सबटायटल चालू केली तर ती, सगळं तिथेच येतं. खालचा सुमारे आठवा भाग मोकळा सोडावा असा माझा अंदाज आहे. View मधलं Safe Area चालू करून जागा ठरवा, आणि एक चाचणी व्हिडिओ Unlisted ठेवून स्वतःच्या फोनवर उभा आणि आडवा धरून पाहा.

येण्याजाण्याच्या अ‍ॅनिमेशनबद्दल थोडं सविस्तर, कारण टेम्प्लेट इथे हमखास फसतं. फ्यूजनमधले कीफ्रेम, म्हणजे हालचाल सुरू-बंद होण्याच्या खुणा, ठरलेल्या फ्रेमला बांधलेले असतात. समजा पट्टी पाच सेकंदांची केली, म्हणजे २५च्या हिशोबाने १२५ फ्रेम, आणि ११०व्या फ्रेमपासून ती सरकत बाहेर जाते. एका भागात पाहुणा लगेच उठला म्हणून तुम्ही क्लिप तीन सेकंदांवर आणली, तर ११०वी फ्रेम येतच नाही आणि पट्टी खटकन नाहीशी होते. उलट क्लिप आठ सेकंदांची केली तर पट्टी मध्येच निघून जाते आणि उरलेली क्लिप रिकामी चालते. यावर फ्यूजनमध्ये Keyframe Stretcher नावाचा नोड आहे. तो मधला भाग ताणतो आणि सुरुवात-शेवटाचा वेग तसाच ठेवतो. पण माझं मत असं, की मुलाखतीला एवढं कशाला? पट्टीत कीफ्रेम घालूच नका. टाइमलाइनवर क्लिपच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत फेडचे हँडल असतात, ते दहाबारा फ्रेम आत ओढा. पट्टी हळूच येईल, हळूच जाईल, आणि क्लिप कितीही कमीजास्त केली तरी फेड टोकांनाच राहील. फेड त्या टाइमलाइनवरच्या क्लिपला असतो, Titles मधल्या मूळ पट्टीला नसतो. म्हणून दुसरी पट्टी हवी असेल तर टाइमलाइनवरचीच कॉपी करा.

शेवटचं म्हणजे कोरं नाव. साच्यातल्या पट्टीत कुठल्याही माणसाचं नाव ठेवू नका. ‘नाव’ रकान्यात ‘████ नाव टाका ████’ आणि परिचयात ‘████ गाव, व्यवसाय ████’ असं ठेवा. हे ठोकळे पाहताना दुर्लक्षून पुढे जाता येत नाही. त्याच क्लिपवर लाल मार्करही लावा आणि त्यात लिहा: ‘नावाचं शुद्धलेखन पाहुण्याकडून तपासलं?’ मी पाहुण्याकडून नाव व्हॉट्सॲपवर त्यांच्याच हाताने लिहून घेतो आणि तिथून उचलून चिकटवतो. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ माणसागणिक वेगळा असतो, तो आपण ठरवायचा नाही.

आउट्रो: अर्धा पक्का, अर्धा जिवंत

यूट्यूबचा एंड स्क्रीन व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत बसतो. मी आउट्रो १५ सेकंदांचा करतो. त्याची पार्श्वभूमी, चौकटी आणि संगीत इंट्रोसारखंच एका DNxHR फाइलमध्ये पक्कं करा. ‘पुढच्या शुक्रवारी…’ ही ओळ मात्र वेगळ्या ट्रॅकवर Text+ मध्ये जिवंत ठेवा आणि तिच्यातही ठोकळे घाला.

चौकटी अंदाजाने काढू नका. यूट्यूबवरची व्हिडिओची खिडकी तुमच्या चौकटीत बरोबर बसली नाही तर कडा डोकावतात. आधी आउट्रोची नुसती पार्श्वभूमी असलेला एक चाचणी व्हिडिओ Unlisted चढवा. एंड स्क्रीनसाठी व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो, तेव्हा आधी काहीही जोडा. स्टुडिओमध्ये एक व्हिडिओ, एक प्लेलिस्ट आणि सबस्क्राइबचं वर्तुळ हवं तिथे, हव्या आकारात मांडा. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, रिझॉल्व्हमध्ये आउट्रोवर अर्धपारदर्शक ठेवा आणि त्याच्या मापाने चौकटी आखा. पुढे दर आठवड्याला एंड स्क्रीन नव्याने मांडायची गरज नाही. स्टुडिओत Import from video घेऊन आधीच्या भागातली मांडणी उचलता येते, फक्त दोन्ही व्हिडिओंचा आउट्रो एकसारखा हवा.

ट्रॅक आणि आवाज

साच्याच्या टाइमलाइनवर मी चित्राचे तीन ट्रॅक ठेवतो: खाली मुलाखत, त्यावर शेताची-घराची दृश्यं, सगळ्यात वर नावपट्टी आणि मजकूर. आवाजाचे चार: तुमचा माइक, पाहुण्याचा माइक, दृश्यांचा मूळ आवाज आणि संगीत. ट्रॅकना ही नावं देऊन टाका. इंट्रो आणि आउट्रोचं चित्र सगळ्यात खालच्या ट्रॅकवर आणि त्यांचा आवाज संगीताच्या ट्रॅकवर.

आवाजाची दुरुस्ती क्लिपवर करू नका, Fairlight पानावर ट्रॅकवर करा. पाहुण्याच्या ट्रॅकला ईक्यू, कॉम्प्रेसर लावून ठेवला की नवीन भागातली कुठलीही क्लिप तिथे टाकताच ती दुरुस्ती लागू होते. माइक तोच असेल तर आठवड्याला थोडीशी पातळी हलवायची एवढंच काम उरतं. शेवटच्या बसवर −१ डीबीचा लिमिटर ठेवा.

इंट्रोचं संगीत अचानक दणकतं ही तक्रार फार येते. यूट्यूब लाउडनेसच्या मापात साधारण −१४ एलयूएफएसपेक्षा मोठ्या आवाजाचा व्हिडिओ खाली आणतं, पण ते अख्ख्या व्हिडिओला एकसारखं. आतली वरखाली तशीच राहते. म्हणून बोलणं Fairlight च्या लाउडनेस मीटरवर −१४ ते −१६ च्या आसपास आणा आणि इंट्रो, आउट्रोच्या फाइल रेंडर करण्याआधीच त्या बोलण्यापेक्षा किंचित खाली ठेवा. हेडफोनशिवाय, फोनच्या स्पीकरवर पाहुण्याच्या वाक्यावरून इंट्रोवर जाताना हात आवाजाच्या बटणाकडे जाऊ नये, एवढी कसोटी पुरेशी आहे.

संगीत कुठून घेतलं त्याची नोंद `00_Kayam` मध्येच मजकूर फाइल करून ठेवा. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतल्या काही संगीताला श्रेय देणं बंधनकारक असतं, आणि ती ओळ मग दर भागाच्या वर्णनात जायला हवी.

साचा बंद करून ठेवणं

आता टाइमलाइनवर एवढं असेल: सुरुवातीच्या वाक्यासाठी रिकामी जागा, इंट्रो, मोठी मोकळी जागा, तिच्या तोंडाशी ठोकळ्यांची नावपट्टी, आणि बऱ्याच पुढे आउट्रो व त्यावरची ओळ. मुलाखत संपली की आउट्रो आणि ओळ मिळून उचलायचे आणि शेवटाला चिकटवायचे. स्नॅपिंग चालू असेल तर ते अचूक बसतात. Deliver पानावर तुमच्या नेहमीच्या सेटिंगचा प्रीसेटही करून घ्या.

मग Project Manager मध्ये जा, साच्याच्या प्रोजेक्टवर उजवी क्लिक करून Export Project घ्या आणि `Sacha_v01.drp` नावाने `00_Kayam` मध्ये ठेवा. ही फाइल लहान असते, कारण तिच्यात मीडिया नसतो, नुसते पत्ते असतात. मीडियासकट सगळं दुसऱ्या संगणकावर न्यायचं असेल तेव्हा Export Project Archive वापरा.

आठवड्याचं काम असं: Project Manager, Import Project, `Sacha_v01.drp`, नाव `Bhag_032`. Live Save आता `Bhag_032` मध्येच लिहिणार. डिस्कवरच्या `.drp` फाइलला रिझॉल्व्ह आपणहून हात लावत नाही, म्हणून मागचा भागही सुरक्षित आणि साचाही. एकदा निर्यात झाली की Project Manager मधला साच्याचा मूळ प्रोजेक्ट पुसून टाका. समोर दिसला की कधीतरी तोच उघडला जातो.

रेंडर करण्याआधी टाइमलाइनवरचे मार्कर पाहा. लाल मार्कर उरला असेल तर काहीतरी भरायचं राहिलंय. काम झालं की तो पुसायचा, एवढा नियम पाळा.

पुढे साच्यात बदल करावासा वाटला, समजा पट्टीचा रंग, तर तो चालू भागात करू नका. साचा वेगळा उघडा, बदल करा, `Sacha_v02.drp` म्हणून काढा आणि v01 तसाच राहू द्या. रिझॉल्व्हची मोठी नवी आवृत्ती घेण्याआधीही हेच करा. नव्या आवृत्तीत उघडलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, आणि नव्या आवृत्तीत देवनागरी नीट दिसते का हे ‘कऱ्हाड, ज्येष्ठ’ची ओळ लिहून पाहिल्याशिवाय शुक्रवारचा भाग तिच्यावर टाकू नका.

लॅपटॉपला रिझॉल्व्ह झेपत नसेल तर केडेनलाइव्ह या मोफत एडिटरमध्येही हाच विचार चालतो. तिथे टायटलमध्ये नावाच्या जागी `%s` लिहून ते टेम्प्लेट म्हणून ठेवता येतं आणि दर भागात फक्त तो मजकूर भरायचा. `%s` मात्र एकच मजकूर घेतो, त्यामुळे नाव आणि परिचय यांची दोन टायटल करावी लागतील.